शंभरातले अकरा

नोकरदाराच्या पगारपत्रकात पीएफचे दोन आकडे दडलेले असतात. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर त्याच्या पगारातून १२ टक्क्यांनी १,८०० रुपये कापले जातात आणि तेवढीच रक्कम मालक भरतो. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात, उरलेले ५५० पीएफमध्ये. म्हणजे या माणसाने स्वतः काहीही न ठरवता दरमहा ३,६०० रुपये त्याच्या म्हातारपणासाठी बाजूला पडतात. तीस वर्षे नोकरी करणाऱ्याने एकदाही 'आता निवृत्तीसाठी बचत करू' असे म्हटलेले नसते, तरी ती झालेली असते.

कारण ही व्यवस्था तीन कामे परस्पर करते. पैसा हातात येण्याआधीच कापून घेते, त्यात मालकाची भर घालते, आणि मध्येच काढायला गेले तर अडथळे आणते. घरोघरी जेवण पोचवणारा, अॅपवर कॅब चालवणारा, घरगुती शिलाई करणारी, ब्यूटी पार्लरची कामे घरी जाऊन करणारी, इलेक्ट्रिशियन, भाषांतरकार यांच्यासाठी ही तिन्ही कामे कोणीच करत नाही. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न 'कोणती योजना चांगली' हा नसतो. ही तिन्ही कामे स्वतःच्या कमाईत कशी बसवायची, हा असतो. एका उदाहरणावरून ते पाहू. आकडे मानलेले आहेत, ज्याने त्याने त्या जागी आपले घालावेत.

आधी कमाई कोणती ते ठरवा

समजा, पुण्यात दुचाकीवरून खाद्यपदार्थ पोचवणारा पस्तीस वर्षांचा एक गृहस्थ आहे. अॅपकडून त्याच्या खात्यात दर आठवड्याला पैसे येतात. इन्सेंटिव्ह धरून महिन्याची सरासरी ३४,००० रुपये. सणासुदीचा महिना ४२,००० पर्यंत जातो. ताप आला, गाडी बंद पडली किंवा ऑर्डर कमी झाल्या, तर तो २६,००० वर येतो.

हे ३४,००० त्याची कमाई नव्हे. त्यातले ७,००० पेट्रोलमध्ये जातात, १,५०० सर्व्हिसिंग, ऑइल, टायर आणि ब्रेकमध्ये, ३०० मोबाइलच्या रिचार्जमध्ये. इथपर्यंत बहुतेक जण हिशेब करतात. पुढचा खर्च मात्र सुटतो, कारण तो दरमहा खिशातून जात नाही. रोज शंभराहून जास्त किलोमीटर पळणारी गाडी पाच वर्षांत या कामाच्या लायक राहत नाही. नवीन गाडी लाखाच्या घरात जाते. लाख रुपये साठ महिन्यांत वाटले तर महिन्याला सुमारे १,७०० होतात. ही गाडीची झीज आहे आणि ती आजच्याच कमाईतून वजा व्हायला हवी.

सगळा मिळून खर्च १०,५०० रुपये. खरी कमाई उरते २३,५०० रुपये.

गाडीच्या झिजेवर एवढा भर देण्याचे कारण आहे. स्वतःच्या साधनावर पोट भरणाऱ्यांची निवृत्तीची बचत बहुधा चैनीत उडत नाही, ती पुढच्या साधनात जाते. पाच वर्षे जमवलेले लाखभर रुपये नव्या गाडीला जातात, शिलाई मशीनला जातात, कॅबच्या गिअरबॉक्सला जातात. साधनाचा डबा वेगळा नसेल, तर म्हातारपणाचा डबा तेवढ्यासाठी फुटतोच.

टक्केवारी, ठरावीक रक्कम नव्हे

नोकरदाराच्या उदाहरणात दरमहा ३,६०० जमा होत होते. आपल्या गृहस्थाने तेवढे गाठायचे ठरवले, तर ३४,००० पैकी ते जवळपास ११ टक्के भरतात. गाडीचे १,७०० म्हणजे ५ टक्के. यातून एक सोपा नियम मिळतो: खात्यात आलेल्या प्रत्येक शंभरातले अकरा म्हातारपणाचे आणि पाच गाडीचे.

'दरमहा ३,६०० टाकीन' या निश्चयापेक्षा हा नियम टिकाऊ आहे. अनियमित कमाईत ठरावीक रक्कम वाईट महिन्यात चुकते, दोन महिने चुकली की सवय तुटते. टक्केवारी चुकत नाही, ती फक्त लहानमोठी होते. २६,००० च्या महिन्यात २,८६० बाजूला पडतात, ४२,००० च्या महिन्यात ४,६२०. शिवाय पुढे दर वाढले आणि कमाई वाढली, की बचतही वेगळा निर्णय न घेता वाढते. या शेवटच्या गोष्टीचे मोल पुढच्या हिशेबात दिसेल.

अकरा झेपत नसतील तर पाचापासून सुरुवात करावी आणि दर सहा महिन्यांनी एकाने वाढवावे. मात्र टक्केवारी आलेल्या पैशावर काढायची, महिन्याअखेर उरलेल्या पैशावर नाही. उरलेला पैसा हा प्रकार फारच थोड्या घरांत असतो.

'हातात येण्याआधी कापणे' हे पीएफचे पहिले काम दुसऱ्या बचत खात्याने साधता येते. अॅपचे पैसे जिथे येतात, तिथून आठवड्याचा जमा आकडा पाहून त्याच दिवशी सोळा टक्के दुसऱ्या खात्यात वळवायचे. या दुसऱ्या खात्याचे एटीएम कार्ड घ्यायचे नाही आणि ते फोनवरच्या यूपीआयला जोडायचे नाही. चहाच्या टपरीवर किंवा किराणा दुकानात ज्या खात्यातून पैसे जाऊ शकतात, त्या खात्यात बचत टिकत नाही.

तीन जागा, तीन कामे

दुसऱ्या खात्यात साठलेले पैसे तिथेच ठेवायचे नाहीत. सरासरी महिन्यात म्हातारपणाचे सुमारे ३,७०० रुपये जमतात. त्यांची वाटणी तीन ठिकाणी करता येते.

पहिली जागा अटल पेन्शन योजना. ती २०१५ साली सुरू झाली. वय १८ ते ४० असलेल्या आणि आयकर न भरणाऱ्या माणसाला बँकेत किंवा पोस्टात तिचे खाते उघडता येते. साठाव्या वर्षापासून दरमहा १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत पेन्शनची हमी मिळते. ५,००० च्या पेन्शनसाठी पस्तिसाव्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याचा हप्ता ९०२ रुपये पडतो. अठराव्या वर्षी हाच हप्ता २१० रुपये असतो, तिसाव्या वर्षी ५७७. खातेदार गेल्यावर तेवढेच पेन्शन पती किंवा पत्नीला मिळते आणि त्यानंतर साठलेली रक्कम वारसाला. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. खात्यात पैसे नसतील तर दंड लागतो, म्हणून वाटणीत याचा नंबर पहिला. ज्यांची कमाई हंगामी आहे, त्यांनी तीन महिन्यांचा किंवा सहा महिन्यांचा हप्ता निवडावा, तशी सोय आहे.

दुसरी जागा सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ. नावात भविष्यनिर्वाह निधी असला तरी त्याला मालक लागत नाही, पोस्टात किंवा बँकेत कोणालाही तो उघडता येतो. वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करते, एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्के आहे आणि व्याजावर कर नाही. महिन्याच्या पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज धरतात. म्हणून सहा तारखेला भरलेल्या पैशांना त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. आठवड्याचे पैसे दुसऱ्या खात्यात साठवून दर महिन्याच्या चार तारखेपर्यंत पीपीएफमध्ये भरायचे, एवढे पाळले की पुरे.

उधारी आणि कर्जात धंदा चालवणाऱ्यांसाठी पीपीएफचा आणखी एक गुण आहे. सावकाराच्या किंवा बँकेच्या थकलेल्या कर्जापोटी या खात्यावर कोर्टाची जप्ती येत नाही. बचत खाते, मुदत ठेव, सोने यांना हे संरक्षण नाही.

तिसरी जागा राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस. २००९ पासून ती सर्व नागरिकांना खुली आहे. पैसे शेअर, कंपन्यांचे रोखे आणि सरकारी रोखे यांत गुंतवले जातात, त्यामुळे परताव्याची हमी नाही. पण वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीत महागाईच्या पुढे जाण्याची शक्यता याच जागी जास्त आहे. कुठे किती गुंतवायचे हे कळत नसेल, तर ऑटो पर्याय घ्यावा. त्यात वय वाढते तसा शेअरमधला हिस्सा आपोआप कमी होतो. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतून आयुष्यभराचे पेन्शन विकत घ्यावे लागते, त्याला वार्षिकी म्हणतात. पूर्वी किमान ४० टक्क्यांची वार्षिकी सक्तीची होती. डिसेंबर २०२५ मधल्या बदलानंतर बिगर-सरकारी सदस्यांसाठी ती २० टक्क्यांवर आली.

सरासरी महिन्यात वाटणी अशी: अटल पेन्शनला ९०२, पीपीएफला १,८००, एनपीएसला १,०००. वाईट महिन्यातही हाच क्रम. २,८६० च जमले तर पहिल्या दोन जागा भरतात आणि एनपीएस थांबते. तिथे महिना चुकला म्हणून दंड नाही, वर्षाला किमान १,००० रुपये गेले की झाले. चांगल्या महिन्यातली जादा रक्कम एनपीएसची राहिलेली भर काढते.

साठीआधीची नऊ वर्षे

पेन्शनच्या योजना साठ वर्षे हे वय गृहीत धरतात. टेबलावर काम करणाऱ्याला ते लागू पडते. दुचाकीवर दिवसाला दहा-बारा तास घालवणाऱ्याची कंबर, मान आणि गुडघे साठीपर्यंत साथ देतील असे धरून चालणे धोक्याचे आहे. पन्नाशीनंतर याच कामात याच वेगाने कमावणे अवघड होते. त्याला हलके आणि कमी पैशाचे काम धरावे लागेल, सुरक्षारक्षकाचे, दुकानातले किंवा गोदामातले. म्हणून अंगमेहनतीच्या कामात निवृत्तीचा खरा खड्डा साठीनंतर सुरू होत नाही, तो पन्नास ते साठ या वर्षांत पडतो. निव्वळ पेन्शन योजनांवर भिस्त ठेवणाऱ्याला नेमका तिथे आधार नसतो.

पीपीएफ त्या खड्ड्यासाठी आहे. त्याची मुदत पंधरा वर्षांची, पण ती खाते उघडलेले आर्थिक वर्ष संपल्यावर मोजतात. एप्रिलच्या सुरुवातीला उघडले, तर भरणा सोळा वर्षे होतो. आपल्या गृहस्थाचे खाते त्याच्या एक्कावन्नाव्या वर्षी मुदत पूर्ण करते. दरमहा १,८०० रुपयांनी तोवर सुमारे ३ लाख ४५ हजार भरले जातात आणि ७.१ टक्के दर कायम राहिला तर खात्यात सुमारे ६ लाख ३० हजार होतात. कमाई वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली आणि शंभरातले अकरा हा नियम पाळल्यामुळे भरणाही तितकाच वाढत गेला, तर हीच रक्कम ८ लाख ७० हजारांच्या आसपास जाते. टक्केवारीचे मोल ते हे.

मुदत संपली म्हणून खाते बंद करायची गरज नाही. पुढे काही न भरता ते चालू ठेवता येते, व्याज मिळत राहते आणि वर्षातून एकदा हवी ती रक्कम काढता येते. ८ लाख ७० हजार नऊ वर्षांत पुरवून काढले, तर वर्षाला सुमारे १ लाख ३४ हजार, म्हणजे महिन्याला ११,००० रुपये पडतात. हलक्या कामाच्या पगारात ही भर घातली की साठीपर्यंतचा रस्ता निघतो. मात्र एक्कावन्नाव्या वर्षी हाती आलेली ही रक्कम मुलाच्या लग्नात किंवा घराच्या स्लॅबमध्ये गेली, तर पुढची नऊ वर्षे पुन्हा गाडीवरच काढावी लागतात.

आजच्या भावात किती?

आता या सगळ्या आकड्यांतला कठीण भाग. महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर सोळा वर्षांनंतरच्या त्या ११,००० रुपयांत आजच्या ५,००० रुपयांचा बाजार येईल. अटल पेन्शनचे ५,००० पंचवीस वर्षांनी सुरू होतील, तेव्हा त्यांची किंमत आजच्या जवळपास १,५०० रुपयांएवढी असेल. ही रक्कम वाढत नाही, कायम ५,००० च राहते. म्हणून हमी आहे एवढ्यावर समाधान मानून फक्त अटल पेन्शनवर थांबू नये. त्यातून घरातला गॅस, वीज आणि औषधांचा काही भाग निघेल, घर चालणार नाही.

एनपीएसमध्ये सुरुवातीला दरमहा १,००० आणि दरवर्षी ५ टक्के वाढ, असा भरणा झाला आणि परतावा सरासरी ८ टक्के मिळाला, तर साठीला सुमारे १५ लाख होतील. आजच्या भावात ते साडेचार लाखांच्या आतच. हा आकडा ऐकून हात गळू शकतात, पण तो आधीच माहीत असण्याचा उपयोग मोठा आहे. पस्तिसाव्या वर्षी तो कळला, तर बदलायला पंचवीस वर्षे हातात असतात.

बदल कुठे करता येतो? सर्वांत स्वस्त बदल म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाचे खाते. पती आणि पत्नी दोघांनाही अटल पेन्शनचे स्वतंत्र खाते घेता येते. पत्नी तीस वर्षांची असेल तर ५७७ रुपयांत तिच्या नावावर आणखी ५,००० चे पेन्शन उभे राहते. दुसरा बदल, गाडीचे किंवा घराचे कर्ज संपेल त्या महिन्यापासून त्या हप्त्याचा निम्मा भाग एनपीएसकडे वळवणे. त्या रकमेशिवाय जगायची सवय घराला आधीच झालेली असते.

ज्यांची कमाई आयकराच्या कक्षेत आहे, त्या फ्रीलान्सरना अटल पेन्शन बंद आहे. त्यांनी पीपीएफ आणि एनपीएस यांवरच आखणी करावी. या दोन्हींतल्या भरण्यावर करसवलत मिळते ती जुन्या करप्रणालीत. नवी करप्रणाली निवडली असेल तर स्वतः भरलेल्या रकमेवर सवलत नाही. केवळ कर वाचवण्यासाठी मार्चमध्ये गुंतवणूक करणाऱ्यांची बचत नव्या प्रणालीत आल्यावर थांबते. त्यामुळे कर हे कारण धरून आखलेली योजना निवृत्तीपर्यंत टिकेल याची खात्री नसते.

हे मोडते कुठे

बहुतेक वेळा ते दवाखान्यात मोडते. रस्त्यावर काम करणाऱ्याचा एक अपघात महिनाभराची कमाई थांबवतो आणि वर बिल आणतो. म्हणून वाटणी सुरू करण्याआधी महिनाभराचा घरखर्च दुसऱ्या खात्यात उभा करावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो आणि जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा. दोन्ही बँकेतच घेता येतात. ४३६ रुपयांचा हप्ता परत मिळत नाही म्हणून तो टाळून 'पैसे परत' देणारी महागडी पॉलिसी अनेक जण घेतात. ती दोन-तीन वर्षांत झेपेनाशी होते आणि बंद करताना भरलेल्यातले बरेच जाते. विमा आणि बचत वेगळी ठेवली, तर वाईट वर्षात बचत कमी करता येते आणि विमा चालू राहतो.

भिशी हा आपल्याकडचा जुना आणि उपयोगी मार्ग आहे. वर्षभरात लागणाऱ्या पैशासाठी, मुलांच्या फीसाठी ती ठीक. पंचवीस वर्षांच्या पैशासाठी ती नाही, कारण तिला व्याजही नाही आणि कायद्याचे संरक्षणही नाही.

आणि पीपीएफमध्ये हात घालायची वेळ आलीच, तर नियम माहीत असावेत. खाते उघडलेले वर्ष संपल्यावर एका वर्षाने कर्ज घेता येते. उघडलेले वर्ष सोडून पाच वर्षे झाल्यावर वर्षातून एकदा काही रक्कम काढता येते, पण खाते चालूच राहते. ही अटकळ मुद्दाम ठेवलेली आहे. पैसा अडून राहणे हे पीएफचे तिसरे काम आणि स्वतःच्या हाताने करायला सर्वांत अवघड. एखाद्या वर्षी ५०० रुपयेही भरले नाहीत तर खाते निष्क्रिय होते. ते राहिलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड भरून पुन्हा चालू करता येते.

मालकाचा वाटा कुठे आहे?

या सगळ्यात एक काम राहून जाते, मालकाची भर. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि गिग कामगार, प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द कायद्यात आले. अॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची आहे, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के या मर्यादेत. या निधीतून अपघात, आरोग्य, मातृत्व, वृद्धत्व यांसाठी योजना आखायच्या आहेत. लाभासाठी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी लागते, ती आधार क्रमांकाने होते आणि प्रत्येकाने ती करून घ्यावी.

पण यात पीएफसारखी कामगाराच्या नावावर दरमहा ठरावीक रक्कम जमा करण्याची सक्ती नाही. पेट्रोल, गाडीची झीज आणि अपघाताची जोखीम कामगाराची असताना म्हातारपणाची सगळी जबाबदारीही त्याच्यावरच टाकणे अन्यायाचे आहे. कंपन्यांचा वाटा ज्याच्या श्रमातून आला, त्याच्या नावाच्या खात्यात आणि त्याला पाहता येईल असा जमा व्हावा, ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे.

ती मान्य होईपर्यंत खाते उघडणे मात्र लांबवू नये. पीपीएफची मुदत रकमेवर अवलंबून नाही, खाते उघडलेल्या वर्षापासून ती चालते. आज ५०० रुपयांत उघडलेल्या खात्यात पुढची दोन वर्षे फारसे पडले नाही, तरी ती दोन वर्षे मोजली जातात. अटल पेन्शनचा हप्ता ज्या वयात सुरू कराल त्या वयाचाच कायम राहतो. पोस्टाच्या एका फेरीत ही दोन्ही खाती उघडता येतात, आणि अकरा टक्के पूर्ण जमेपर्यंत त्यासाठी थांबण्याचे कारण नाही.